पीसीआर निगेटिव्ह, तरी कोलिस्टिन रेझिस्टंट?

वाचकाचं पत्र

मी एका जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. आयसीयूतल्या एका पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये क्लेब्सिएला न्यूमोनी आला, मेरोपेनेमलाही दाद न देणारा. कोलिस्टिनच्या १० मायक्रोग्रॅम डिस्कभोवती १३ मिमीचा झोन मिळाला. आमच्या तक्त्यात ‘११ आणि वर सेन्सिटिव्ह’ असं आहे, म्हणून तसं कळवलं आणि औषध सुरू झालं. नवव्या दिवशी कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह आलं, झोन १२. ते मोठ्या लॅबला पाठवलं, तर एमआयसी १६! पण एमसीआर जीनचं पीसीआर निगेटिव्ह. आमचे सर म्हणतात, जीनच नाही तर रेझिस्टन्स कुठून येणार, त्यांच्या ब्रॉथमध्येच गडबड असेल. फिजिशियन रोज विचारतात, काय करू? मी कोणत्या रिपोर्टवर विश्वास ठेवू? आणि महागडं यंत्र नसताना ही तपासणी आमच्याकडे नीट कशी करू?

उत्तर

नमस्कार.

फिजिशियनना आजच कळवा की हा जिवाणू कोलिस्टिनला रेझिस्टंट धरून चला. एमआयसी १६ आणि पीसीआर निगेटिव्ह या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, क्लेब्सिएलामध्ये तर त्या बऱ्याचदा असतात. तुमच्या सरांच्या बोलण्यात एक गृहीतक दडलेलं आहे: रेझिस्टन्स म्हणजे बाहेरून आलेला एखादा जीन. मेरोपेनेम तोडणाऱ्या एन्झाइमच्या बाबतीत हा हिशेब बहुतांशी जमतो. कोलिस्टिनच्या बाबतीत फसतो, आणि का फसतो ते समजायला हे औषध जिवाणूला नेमकं कुठे धरतं तिथून सुरुवात करावी लागते.

ग्राम निगेटिव्ह जिवाणूच्या बाहेरच्या पडद्याचा वरचा थर लिपोपॉलीसॅकराइडचा असतो आणि त्याचा पडद्यात रुतलेला पाया म्हणजे लिपिड ए. त्याच्या दोन साखरांवर दोन टोकांना एकेक फॉस्फेट असतो. फॉस्फेटचा भार ऋण, त्यामुळे शेजारशेजारचे रेणू खरं तर एकमेकांना दूर ढकलायला हवेत. तसं होत नाही, कारण मध्ये मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे धन आयन बसतात आणि कापडाला टाके घालावेत तसे हे रेणू एकत्र धरून ठेवतात.

कोलिस्टिन नेमकं या टाक्यांवर येतं. त्याच्या रेणूत अमिनो आम्लांचं एक कडं आहे, कड्याला छोटी साखळी आणि साखळीच्या टोकाला फॅटी ॲसिडची शेपटी. डायअमिनोब्युटिरिक आम्लामुळे त्यावर पाच धन भार असतात. ते लिपिड एच्या फॉस्फेटला मॅग्नेशियमपेक्षा घट्ट चिकटतं, मॅग्नेशियम निघून जातं, आणि मग ती शेपटी पडद्यात घुसते. पडदा विस्कटतो, त्या फटीतून आणखी औषध आत जातं आणि आतल्या पडद्यापर्यंत पोचतं. आतल्या पडद्यातही बाहेर जायच्या वाटेवर असलेलं लिपोपॉलीसॅकराइड असतं. औषध तिथेही त्यालाच धरतं आणि जिवाणू खरा मरतो तो तिथे, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पुढे आलं. बाहेरचा पडदा नुसता गळका झाला म्हणजे काम झालं असं नाही.

आता जिवाणूच्या बाजूने पाहा. त्याला हे औषध तोडण्याची गरज नाही की पंपाने बाहेर फेकण्याची. लिपिड एच्या फॉस्फेटवरचा ऋण भार झाकला की औषधाची पकडच ढिली पडते. त्यासाठी तो फॉस्फेटला धन भाराचा एखादा लहान रेणू जोडतो. मुख्य प्रकार दोन: फॉस्फोइथेनॉलअमाइन, किंवा अमिनो गट असलेली अरॅबिनोज साखर. दोन्हींचा परिणाम एकच.

एमसीआर-१ हा जीन यातलं पहिलं काम करणारं एन्झाइम बनवतो. चीनमध्ये डुकरांमधल्या ई. कोलायमध्ये तो प्लाझमिडवर सापडला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये तो शोध जाहीर झाल्यावर जगभर खळबळ उडाली, कारण प्लाझमिड एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जातं. भारताने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी, कोंबड्यांसाठी आणि पशुखाद्यात कोलिस्टिन वापरायला बंदी घातली ती याच धास्तीतून. त्या गाजावाजात एक गोष्ट मागे पडली. क्लेब्सिएलाला दुसरं काम, म्हणजे अरॅबिनोज जोडण्याचं, करायला बाहेरून काहीच आणावं लागत नाही. त्याची सगळी सामग्री त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रावर आधीपासूनच आहे, फक्त एरवी बंद असते.

ती चालू करण्याची आज्ञा पीएचओक्यू नावाच्या सेन्सरकडून निघते. आजूबाजूला मॅग्नेशियम कमी झालं की हा सेन्सर जागा होतो आणि एका साखळीतून लिपिड ए बदलणारे जीन चालू करतो. टाक्यांचा माल कमी पडला तर भार दुसऱ्या मार्गाने सांभाळायचा, अशी ही सोय. सेन्सरने गरजेपेक्षा जास्त वेळ जागं राहू नये म्हणून एमजीआरबी हे जेमतेम ४७ अमिनो आम्लांचं प्रथिन त्याला दाबून ठेवतं. त्याचा जीन १४४ अक्षरांचा आहे. तो मोडला की दाबणारं कोणी उरत नाही, सेन्सर कायमचा चालू राहतो, आणि मॅग्नेशियम भरपूर असलं तरी लिपिड एवर अरॅबिनोज चढतच राहते.

असा जीन मोडायला फार काही लागत नाही. एखादं इन्सर्शन सिक्वेन्स, म्हणजे जिवाणूच्याच डीएनएमधला उड्या मारणारा तुकडा, मध्ये येऊन बसला तरी पुरतं. एक अक्षर बदलून प्रथिन अर्धवट राहिलं तरी पुरतं. एखादा जीन मिळवायला जिवाणूला दाता लागतो. असलेला जीन मोडायला फक्त संख्या लागते, आणि रक्तात क्लेब्सिएला असलेल्या पेशंटमध्ये ती असते. वर कोलिस्टिन चालू असेल तर नेमके तेच मोडके जिवाणू वाचून पुढे वाढतात. भारतातल्या रुग्णालयांमधल्या कोलिस्टिन-रेझिस्टंट क्लेब्सिएलाच्या अभ्यासांत एमसीआरपेक्षा हीच भानगड जास्त सापडलेली आहे.

मोठ्या लॅबचं पीसीआर एमसीआर शोधत होतं आणि एमसीआर तिथे नव्हता. पीसीआरने एवढंच सांगितलं. ‘रेझिस्टन्स नाही’ असं ते कधी बोललंच नव्हतं.

खात्री करून घ्यायची असेल तर त्याच लॅबला एमजीआरबीचं पीसीआर करायला सांगा. यात बँड आहे की नाही एवढंच बघायचं नसतं, बँड कुठे आला तेही बघायचं असतं. सेन्सिटिव्ह क्लेब्सिएला शेजारी लावला, तर तुमच्या जिवाणूचा बँड त्याच्यापेक्षा साधारण ७५० ते १,३०० बेस पेअरने वर सरकलेला दिसू शकतो. मध्ये तुकडा येऊन बसल्याची ती खूण. बँड आलाच नाही तर जीनचा भागच गळला असेल, पण मग त्याच डीएनएवर दुसरा एखादा जीन उमटतो का ते आधी पाहावं लागतं, नाहीतर फसलेल्या पीसीआरला आपण शोध समजून बसू. आणि बँड जागेवर आला तरी जीन शाबूत आहे असं समजू नका. एका अक्षराचा बदल जेलवर दिसत नाही, त्याला सिक्वेन्सिंगच लागतं. शिवाय पीएमआरबी हा दुसरा सेन्सर किंवा खुद्द पीएचओक्यू यांच्यातल्या बदलांनीही तोच परिणाम होतो. म्हणून ‘सगळे रेझिस्टन्स जीन तपासले, एकही नाही, म्हणजे सेन्सिटिव्ह’ हे वाक्य कोलिस्टिनच्या बाबतीत लिहायचंच नाही. निकाल जिवाणूला औषधात वाढवूनच द्यायचा. पेशंटच्या निर्णयासाठी हे एमजीआरबीचं पीसीआर लागतही नाही. सरांशी बोलायला मात्र उपयोगी पडेल.

आता तुमची डिस्क. कोलिस्टिनचा रेणू मोठा, जवळपास १,१५० डाल्टनचा, आणि त्यावर पाच धन भार. तो आगरमधून नीट पसरतच नाही. त्यामुळे सेन्सिटिव्ह जिवाणूचा झोनही लहानच येतो आणि रेझिस्टंटचा त्याच्या जेमतेम एकदोन मिमी मागेपुढे. १३ आणि १२ मध्ये तुम्ही काहीच वेगळं करू शकत नाही, तुमचा हात कितीही स्थिर असला तरी. शिवाय ११ मिमीची ती रेषा मुळात स्युडोमोनास एरुजिनोजासाठी होती. क्लेब्सिएलासाठी ती नव्हतीच, आणि पुढे स्युडोमोनाससाठीही काढून टाकली गेली. सीएलएसआय आणि युकास्ट या दोन्ही संस्थांनी २०१६ पासून कोलिस्टिनसाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन हीच मूळ पद्धत ठरवली आहे. डिस्क आणि ग्रेडियंट स्ट्रिप, दोन्ही या औषधापुरत्या बाद. तो जुना तक्ता भिंतीवर असेल तर कोलिस्टिनची ओळ आज खोडून टाका.

ब्रॉथमध्ये गडबड असेल ही सरांची शंका मात्र अगदीच हवेतली नाही. ब्रॉथ चुकतं, आणि ते कसं चुकतं हे वरच्या टाक्यांवरूनच कळतं. ब्रॉथमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असेल तर टाके आधीच विरळ असतात आणि औषध असेल त्यापेक्षा प्रभावी दिसतं. जास्त असेल तर उलट. म्हणून कॅटायन-ॲडजस्टेड म्युलर हिंटन ब्रॉथच लागतं, ज्यात लिटरमागे कॅल्शियम २० ते २५ मिग्रॅ आणि मॅग्नेशियम १० ते १२.५ मिग्रॅ असतं. दुसरी चूक औषधाच्या मिठाची. पेशंटला देतो ती व्हायल कोलिस्टिमेथेट सोडियमची, ते स्वतः निष्क्रिय असतं आणि हळूहळू कोलिस्टिन बनतं. ती व्हायल फोडून ब्रॉथ बनवलं तर एमआयसी भलतीच येते. तपासणीला कोलिस्टिन सल्फेटच हवं. त्या लॅबला फोन करून मीठ कोणतं, ब्रॉथ कोणतं आणि त्या दिवशी कंट्रोल स्ट्रेन रेंजमध्ये होते का, एवढं विचारा. तिन्ही उत्तरं सरळ आली तर १६ हा आकडा पक्का. तो काही कट-ऑफला घासून आलेला नाही, ४ आणि वर म्हणजे रेझिस्टंट, आणि हा दोन पायऱ्या वर आहे.

तुमच्याकडे करता येण्यासारखी एक पद्धत आहे: कोलिस्टिन ब्रॉथ डिस्क इल्यूशन. सीएलएसआयने ती एन्टेरोबॅक्टरेलीस आणि स्युडोमोनास एरुजिनोजासाठी मान्य केली आहे, आणि गंमत म्हणजे तीत तुमच्याकडच्या त्याच १० मायक्रोग्रॅमच्या डिस्क वापरायच्या असतात. आगर वगळायचं, एवढाच फरक.

स्क्रू कॅपच्या चार काचेच्या नळ्या घ्या, प्रत्येकीत १० मिली कॅटायन-ॲडजस्टेड ब्रॉथ. हे १० मिली निर्जंतुक झाल्यानंतर मोजून भरा. आधी भरून ऑटोक्लेव्ह केलं तर काही ब्रॉथ उडून जातं आणि औषध तेवढं दाट होतं. पहिल्या नळीत डिस्क नाही, दुसरीत एक, तिसरीत दोन, चौथीत चार. म्हणजे मिलीमागे ०, १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम, आणि एका तपासणीला सात डिस्क. झाकण लावून हलक्या हाताने फिरवा आणि निदान अर्धा तास, फार तर तासभर, खोलीच्या तापमानाला ठेवा. औषध डिस्कमधून ब्रॉथमध्ये उतरायला तेवढा वेळ लागतो. घाईत इथेच चूक होते: दहा मिनिटांत जिवाणू घातले तर अजून पुरतं औषधच उतरलेलं नसतं. डिस्क काढायच्या नाहीत, तशाच राहू द्यायच्या.

तेवढ्यात रात्रभर वाढवलेल्या ताज्या कॉलनींपासून सलाइनमध्ये ०.५ मॅकफार्लंडचं सस्पेन्शन करा आणि पंधरा मिनिटांच्या आत प्रत्येक नळीत ५० मायक्रोलिटर घाला. पुन्हा हलकेच फिरवा, ३५ अंशांना १६ ते २० तास ठेवा. उरलेल्या सस्पेन्शनमधून एक लूप ब्लड आगरवर लावून ठेवायला विसरू नका. प्रोटियस, सेराशिया, प्रॉव्हिडेन्सिया, मॉर्गनेला हे जन्मजातच कोलिस्टिनला दाद देत नाहीत. त्यांचे थोडे जिवाणू मिसळलेले असले तरी सकाळी चारही नळ्या गढूळ दिसतील आणि दोष क्लेब्सिएलाच्या माथी येईल.

सकाळी आधी बिनडिस्कची नळी बघा. ती गढूळ नसेल तर बाकी काही वाचायचंच नाही. मग ज्या सगळ्यांत कमी मात्रेला वाढ थांबली ती एमआयसी. १ ची आणि २ ची गढूळ, ४ ची स्वच्छ, म्हणजे एमआयसी ४, रेझिस्टंट. तुमचा १६वाला जिवाणू चारही नळ्यांत वाढेल आणि रिपोर्टवर ‘४ पेक्षा जास्त’ असं लिहावं लागेल. कधी १ ची नळी स्वच्छ आणि ४ ची गढूळ असा उलटा प्रकार दिसतो. तो सोडून देऊ नका. ब्लड आगरची प्लेट शुद्ध असेल तर तपासणी पुन्हा करा, कारण बहुतेक जिवाणू सेन्सिटिव्ह आणि त्यांच्यात मोजके रेझिस्टंट असतील तर असंच दिसतं. मायक्रोडायल्यूशनच्या एका खाचेत साधारण ५० हजार जिवाणू असतात. दहा लाखांत एक रेझिस्टंट असेल तर तो त्या खाचेत बहुतेक वेळा नसतोच. या नळीत पंच्याहत्तर लाखांच्या आसपास असतात, त्यामुळे तो सापडण्याची शक्यता जास्त.

दर खेपेला दोन कंट्रोल लावा: ई. कोलाय एटीसीसी २५९२२, जो सेन्सिटिव्ह आहे, आणि एनसीटीसी १३८४६, ज्यात एमसीआर-१ आहे आणि ज्याची एमआयसी ४ च्या आसपास असते. २५९२२ जर २ च्या नळीत वाढला तर औषध कुठेतरी कमी पडतंय: डिस्क जुन्या असतील, पुरत्या उतरल्या नसतील, किंवा काचेऐवजी प्लास्टिकच्या नळ्या घेतल्या असतील. कोलिस्टिन प्लास्टिकला चिकटतं. १३८४६ खेपेमागून खेप खाली सरकू लागला तर ब्रॉथचं कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि नळीतलं माप तपासा.

या १३८४६ वरून पीसीआरची खरी जागाही कळते. एमसीआर असलेल्या ई. कोलायची एमआयसी पुष्कळदा २ ते ८ मध्येच असते, म्हणजे अगदी कट-ऑफला घासून. अशा वेळी पीसीआर पॉझिटिव्ह आलं तर तो निर्णायक पुरावा. एमआयसी १६ असलेल्या क्लेब्सिएलामध्ये मात्र निगेटिव्ह पीसीआरने निकाल फिरत नाही. संसर्ग नियंत्रण समितीला त्याचा उपयोग आहे. प्लाझमिड असेल तर वॉर्डात दुसऱ्या जातीच्या जिवाणूंतही रेझिस्टन्स शोधावा लागतो, एमजीआरबी असेल तर हाच क्लेब्सिएला हातांवरून पसरतोय का ते पाहावं लागतं. पेशंटचं आयसोलेशन दोन्ही वेळा तेच.

फिजिशियनशी बोलताना दोन गोष्टी सांगा. एक, ‘कोलिस्टिन चालत नसेल तर पॉलिमिक्सिन बी देऊ’ हा विचार मनात आला असेल तर त्यात अर्थ नाही. दोन्हींत एका अमिनो आम्लाचा फरक आहे आणि दोघंही त्याच फॉस्फेटला धरतात. दोन, या जिवाणूमध्ये एनडीएम आणि ऑक्सा-४८ यांपैकी काय आहे ते मोठ्या लॅबकडून तातडीने मागवा. एनडीएम असेल तर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम एकट्याने चालणार नाही, त्याच्या जोडीला ॲझट्रिओनॅम लागेल. एकट्या ऑक्सा-४८वर ते बहुतेक चालतं. पुढचा मार्ग यावर ठरतो. निवड त्यांची, पण ही माहिती तुमच्याकडून जायला हवी.

पहिलं कल्चर, ज्याचा झोन १३ होता, ते ग्लिसरॉलमध्ये ठेवलेलं असेल तर दुसऱ्यासोबत एकाच दिवशी डिस्क इल्यूशनला लावा. पहिलंही ४ च्या नळीत वाढलं तर जिवाणू मुळातच रेझिस्टंट होता आणि डिस्कने फसवलं. पहिलं १ च्या नळीतच थांबलं आणि दुसरं चारही नळ्यांत वाढलं, तर रेझिस्टन्स औषध चालू असताना वर आला. तेव्हा पहिला रिपोर्ट निदान अर्थाने बरोबर होता, पद्धत चुकीची असली तरी. दोन्ही परिस्थितींत सुधारित रिपोर्ट काढा आणि त्यात कारण लिहा: ‘डिस्क डिफ्यूजनने दिलेला कोलिस्टिनचा निष्कर्ष रद्द, ब्रॉथ पद्धतीने पुन्हा तपासले.’ पहिलं कल्चर टाकून दिलं असेल तर फक्त पहिला अर्धा भाग लिहा.

यापुढे २ किंवा कमी एमआयसी आली तरी क्लेब्सिएलासाठी ‘सेन्सिटिव्ह’ लिहू नका. सीएलएसआयने २०२० मध्ये तो शब्दच काढून टाकला. आता २ पर्यंत ‘इंटरमीडिएट’ आणि ४ पासून ‘रेझिस्टंट’, एवढेच दोन पर्याय आहेत, कारण रक्तात सुरक्षितपणे गाठता येणारी मात्रा आणि मूत्रपिंडाला इजा करणारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. फिजिशियन ‘इंटरमीडिएट म्हणजे काय, देऊ की नको’ असं विचारतील. दुसरं चालणारं औषध असेल तर ते द्या, नसेल तरच हे, आणि शक्यतो जोडीने, असं त्यांना सांगा.

ज्यांच्या आयसीयूत क्लेब्सिएलापेक्षा ॲसिनेटोबॅक्टरच जास्त निघतो, त्यांनी ही नळ्यांची पद्धत त्याला लावू नये. ती त्याच्यासाठी मान्य नाही, त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच हवं. त्याच्यात एमजीआरबी शोधण्यातही हशील नाही. तो बहुतेक वेळा पीएमआरबीतल्या बदलाने फॉस्फोइथेनॉलअमाइन चढवतो, आणि कधीकधी तर लिपिड ए बनवणारे जीनच मोडून लिपोपॉलीसॅकराइडशिवाय जगतो, म्हणजे कोलिस्टिनला धरायला काही शिल्लकच ठेवत नाही.